कर्जात नाव, घरात नाव

मी वकिली शिकले ती नगरच्या न्यायालयात, एका ज्येष्ठ वकीलबाईंच्या हाताखाली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठे छापून यावं हे त्यांना कधीच आवडलं नाही. आम्ही ज्युनिअर आणि पक्षकार सगळेच त्यांना मॅडम म्हणायचो. आज एखादी बाई समोर बसून विचारते, "फ्लॅट लग्नानंतर घेतला, पण कागद त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, मला हिस्सा मिळेल का?" तेव्हा मी जे सांगते त्यातलं माझ्या डोक्यातून आलेलं फार थोडं असतं. बहुतेक सगळं मॅडमचं आहे. ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातून मी नगरला आले तेव्हा हातात कायद्याची पदवी होती आणि डोक्यात एक पक्की समजूत होती, की लग्नानंतर घेतलेलं घर म्हणजे निम्मं बायकोचं. ही समजूत कुठून आली ते आता सांगता येणार नाही. थोडी सिनेमातून आली असेल, थोडी परदेशातल्या श्रीमंतांच्या घटस्फोटांच्या बातम्यांतून, थोडी लग्नकार्यात जमलेल्या बायकांच्या बोलण्यातून. पुस्तकात वेगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आपल्या आईच्या, मावशीच्या घराला लागू होतं, हे कधी मनात उतरलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात एक बाई आल्या आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. मला वाटलं, मॅडम आता धीर देतील. त्यांनी आधी त्यांना पाणी दिलं आणि मग सरळ सांगितलं, "ताई, आपल्याकडे नुसत्या लग्नामुळे नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये हिस्सा मिळत नाही. त्यांच्या पैशातून, त्यांच्या नावावर घेतलेला फ्लॅट कायद्याने त्यांचाच. आता तुमचं काय काय आहे ते बघू." बाईंचा चेहरा पडला. मला मॅडमचा थोडा रागच आला. त्या गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगं, आधी 'नाही' नीट सांगितलं नाही, तर पुढचं 'हो' त्यांना ऐकू येत नाही."

मग त्यांनी मला तीन कोरे कागद घ्यायला लावले. एकावर लिहायला सांगितलं 'मालकी', दुसऱ्यावर 'राहणं', तिसऱ्यावर 'पोटगी'. बायका हे तिन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारतात, कारण त्यांच्या आयुष्यात ते एकच असतं. कायदा मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी ठेवतो. मालकी पाहताना तो करारनामा आणि पैसा पाहतो. राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नसतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार, जिथे नवरा-बायको एकत्र राहिले ते सामायिक घर असतं. ते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी कायदेशीर मार्गाशिवाय तिला तिथून काढता येत नाही. पोटगी ठरते ती नवऱ्याची ऐपत आणि तिची गरज पाहून, आणि तिथे तो फ्लॅट त्याची ऐपत दाखवणारा पुरावा म्हणून कामी येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं संरक्षण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळ्या बायकांना आहे, हेही मॅडमनी त्याच दिवशी लिहून घ्यायला लावलं.

या तीन कागदांचं मोल मला पुढे कळलं, ते केडगावच्या एका ताईंच्या कामात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते, पण हिशोब तसाच आहे.

ताई एका पतसंस्थेत नोकरीला होत्या, त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत. 2017 मध्ये त्यांनी 22 लाखांचा फ्लॅट घेतला. करारनामा यजमानांच्या नावावर झाला. 15 लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं, हप्ता साधारण 13,100 रुपये. उरलेल्या 7 लाखांपैकी 3,20,000 यजमानांनी घातले, 2,30,000 ताईंचे दागिने मोडून आले आणि दीड लाख त्यांच्या वडिलांनी चेकने थेट बिल्डरला दिले. पुढची चार वर्षं ताई दर महिन्याला 5,000 रुपये आपल्या पगाराच्या खात्यातून यजमानांच्या खात्यात भरत राहिल्या. 2021 मध्ये घरात वाद विकोपाला गेला आणि फ्लॅट विकायला काढल्याचं त्यांना एजंटाकडून कळलं.

ताई आल्या त्या बँकेचं एक पत्र घेऊन. "मॅडम, माझंही नाव आहे हो, हे बघा." मी ते पत्र वाचून खूश झाले. मॅडमनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यात ताईंचं नाव सहकर्जदार म्हणून होतं. कर्ज मंजूर करताना दोघांचा पगार धरता यावा म्हणून बँक बायकोची सही घेते. त्या सहीने ती कर्ज फेडायला बांधली जाते, पण घराची मालक होत नाही. मालक कोण हे दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या करारनाम्यात असतं आणि त्याचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये दिसतो. ताईंनी सूची दोन कधी पाहिलीच नव्हती. हप्ते थकले तर बँक त्यांच्याकडे येणार होती आणि फ्लॅट विकला तर पैसे एकट्या यजमानांना मिळणार होते. 'कर्जात नाव, घरात नाही' हे मॅडमचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मॅडमनी सुरुवात दुसऱ्या कागदापासून केली, कारण घाई तिथे होती. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला आणि अंतरिम आदेश मागितला: ताईंना घरातून काढू नये, आणि यजमानांनी फ्लॅट विकू नये किंवा नव्याने गहाण टाकू नये. त्या कायद्याच्या कलम 19 मध्ये हे दोन्ही येतं. आदेश मिळाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडम म्हणाल्या, "हा आदेश यजमानांना बांधतो. बँकेला नाही. हप्ता थांबला तर बँक आपल्या वाटेने जप्तीला येईल, म्हणून हप्ता कोण भरतंय यावर लक्ष ठेव." दर महिन्याला कर्जखात्याचा उतारा मागवायचं काम मग माझ्याकडे आलं.

मालकीचा कागद सर्वांत अवघड निघाला. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेत 'पैसा माझा होता' असं म्हणायला गेलं की बेनामी व्यवहारांचा 1988 चा कायदा आडवा येतो. मूळ कायद्यात सूट होती ती बायकोच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला. बायकोने पैसे देऊन नवऱ्याच्या नावावर घर घेतलं, तर तिचं काय, याला त्यात सरळ जागा नव्हती. 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत मात्र जोडीदाराच्या नावावर, आपल्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी धरली जात नाही. त्यामुळे ताईंचा फ्लॅट 2017 चा असणं ही मोठी गोष्ट होती. 2010 मधल्या खरेदीसाठी हाच दावा कितीतरी जड गेला असता. "आधी खरेदीची तारीख विचार, मग गोष्ट ऐक," हे मॅडमचं सांगणं त्या दिवसापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

तरीही सिद्ध करायचं ओझं ताईंवरच होतं. नोंदलेल्या कागदावर ज्याचं नाव, तोच मालक असं न्यायालय धरून चालतं. पैसा कोणाचा होता, घराचा ताबा आणि वापर कोणाचा, मूळ कागद कोणाजवळ, खरेदी त्या नावावर करण्यामागे कारण काय, नातं काय, आणि नंतर दोघं त्या मालमत्तेशी कसे वागले, या गोष्टी न्यायालयं पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये जयदयाल पोद्दार प्रकरणात त्या सांगून ठेवल्या आहेत, आणि त्यांत पैशाचा उगम सर्वांत वजनदार.

म्हणून आम्ही एकेक रक्कम धरून बसलो. दागिने ताईंच्या माहेरचे, म्हणजे त्यांचं स्त्रीधन. सराफाने मोडीची पावती त्यांच्या नावाने दिली होती, पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले होते आणि आठवड्याच्या आत तेवढ्याच रकमेचा धनाकर्ष बिल्डरच्या नावाने निघाला होता. ही साखळी अखंड होती. पैसे रोख घेऊन यजमानांच्या हातात दिले असते, तर तीच रक्कम हवेत गेली असती. वडिलांचा चेकही बिल्डरच्या पावतीवर क्रमांकासह दिसत होता, पण एक प्रश्न उरला. ते पैसे मुलीला दिले की जावयाला? त्यावर कुठलीच चिठ्ठी नव्हती. वडील हयात होते, त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं आणि साक्षीला यायची तयारी दाखवली. ते नसते, तर हा दीड लाख बहुधा सुटला असता. दरमहाचे 5,000 सर्वांत कच्चे ठरले. ते यजमानांच्या खात्यात जात होते, त्याच खात्यातून हप्ता जात होता आणि किराणाही. 'घरखर्चाला दिले' हे उत्तर समोरून येणार हे ठरलेलं होतं. पैसे पाठवताना शेरा लिहायच्या जागी ताईंनी एकदाही 'गृहकर्ज हप्ता' लिहिलं नव्हतं.

आणखी एक हिशोब मॅडमनी माझ्याकडून करून घेतला. चार वर्षांत हप्त्यांपोटी जवळजवळ 6 लाख 29 हजार रुपये भरले गेले होते. कर्ज किती कमी झालं? फक्त 1 लाख 35 हजारांच्या आसपास. बाकी सगळं व्याज. बँकेचं अजून साडेतेरा लाखांच्या वर देणं होतं. त्या वेळी फ्लॅट 27 लाखांना गेला असता, तर बँकेचं देणं फिटून उरणारी रक्कम निम्म्याच्याही आत आली असती. ताई 'सत्तावीस लाखांचा फ्लॅट' असं म्हणत आल्या होत्या आणि मीही मनात तोच आकडा धरून बसले होते. मॅडमनी त्यांना कागदावर दाखवलं की भांडण ज्याच्यासाठी आहे ती रक्कम केवढी आहे. ताई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मला घर नको. माझं घातलेलं परत मिळू द्या आणि त्या कर्जातून माझं नाव काढा."

कौटुंबिक न्यायालयात पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा दावा चालतो, म्हणून तो तिथे दाखल केला. मुख्य मागणी घातलेल्या पैशाच्या प्रमाणात हिस्सा जाहीर करावा ही, आणि ती मान्य न झाल्यास रक्कम परत मिळावी ही पर्यायी मागणी. पर्यायी मागणी लिहायला मॅडम कधी विसरत नसत. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवली, म्हणजे शोध घेणाऱ्या खरेदीदाराला वाद दिसावा. पोटगीच्या कामात यजमानांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने ते दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं आहे. आपल्या प्रतिज्ञापत्रात यजमानांनी फ्लॅट पूर्णपणे स्वकष्टाचा असं लिहिलं होतं. मध्यस्थीच्या बैठकीत मॅडमनी आवाज न चढवता बिल्डरच्या दोन पावत्या त्या प्रतिज्ञापत्राशेजारी ठेवल्या. त्यानंतर बोलणं पुढे सरकलं.

तडजोड झाली ती अशी: फ्लॅट यजमानांकडे राहील, दागिन्यांचे, वडिलांचे आणि दरमहाचे मिळून 6,20,000 रुपये ते ताईंना दोन टप्प्यांत देतील, पोटगी वेगळी. आणि दुसरा टप्पा देण्याआधी ते कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घेतील किंवा फेडतील, आणि ताईंना सहकर्जदार म्हणून मोकळं केल्याचं बँकेचं पत्र हजर करतील. हे शेवटचं कलम मॅडमनी घातलं. नवरा-बायकोतली तडजोड बँकेवर बंधनकारक नसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते पत्र हाती आलं नसतं, तर घटस्फोटानंतरही कर्ज ताईंच्या मागे राहिलं असतं. व्याज मिळालं नाही, फ्लॅटच्या वाढलेल्या किमतीतला वाटाही मिळाला नाही. न्यायालयाने त्यांची मालकी ठरवून दिली असंही झालं नाही. निकालापर्यंत गेलो असतो तर हिस्सा मिळालाच असता असं मॅडम म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

ताईंकडे निदान पावत्या होत्या. पाथर्डीकडच्या एका बाईंकडे त्याही नव्हत्या. बावीस वर्षांचा संसार, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा, मुलांची शिक्षणं आणि नोकरी कधीच नाही. फ्लॅट नवऱ्याच्या पगारातून झालेला. मॅडमनी पहिला कागद बाजूला ठेवला आणि बाकीच्या दोनांवर काम केलं. घरात राहण्याचा हक्क टिकला, पोटगी ठरली. बाई म्हणाल्या, "मी राबले त्याची पावती कुठे असते, मॅडम?" मॅडम गप्प राहिल्या. मी तेवढ्या वर्षांत त्यांना असं गप्प राहिलेलं पाहिलं नव्हतं.

जून 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की नवरा परदेशात कमावत असताना घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बायकोचा वाटाही त्या कमाईत आहे, आणि त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिला निम्मा हिस्सा धरला. मॅडमची तब्येत तेव्हा ठीक नव्हती. मी त्यांच्या घरी जाऊन तो निकाल वाचून दाखवला. त्यांनी काही परिच्छेद पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "फार चांगला आहे. आपल्या न्यायालयात जरूर दाखव. पण तो मद्रासचा आहे आणि एका न्यायमूर्तींचा आहे, इथे बंधनकारक नाही. पक्षकाराला त्याच्या भरवशावर ठेवू नकोस." घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन पुढे लोकसभेत बारगळलं, हे त्यांनीच मला तेव्हा सांगितलं. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते आणि घर विकायला दोघांच्या सह्या लागतात. "आपल्याकडे ते कायद्याने होत नाही," त्या म्हणाल्या, "तर कागदाने करून घ्यायचं."

हा कागद त्यांनी माझ्याही बाबतीत करून घेतला होता. आम्ही सावेडीला फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मसुदा मॅडमना दाखवायला नेला तो निव्वळ आनंदाने, पेढ्यांबरोबर. त्यांनी पेढा खाल्ला, मसुदा वाचला आणि विचारलं, "तुझं नाव कुठे आहे?" कर्जाच्या अर्जावर माझी सही आधीच झाली होती. करारनाम्यात खरेदीदार म्हणून माझे यजमान एकटे होते. यात कोणाचा डाव नव्हता. बिल्डरच्या कार्यालयाने बुकिंग ज्याच्या नावाने त्याचंच नाव घातलं होतं आणि आम्ही दोघांनीही त्याकडे पाहिलं नव्हतं. रोज दुसऱ्या बायकांना जे सांगत होते ते माझ्या स्वतःच्या कागदात मला दिसलं नाही, मॅडमना दिसलं.

फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तो मोह यजमानांनाही होता. मॅडमनी सवलतीचा हिशोब करून दाखवला आणि म्हणाल्या, "पैसे दोघांचे असतील तर नावंही दोघांची राहू द्या. आज बायकोच्या बाजूने कललेला कागद उद्या नवऱ्याला तोच प्रश्न विचारायला लावेल." मग करारनाम्यात दोघांची नावं आली आणि प्रत्येकाचा हिस्सा किती तेही लिहिलं. हिस्सा लिहिला नाही, तर वेगवेगळ्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात हिस्सा धरला जातो, आणि पैशाचा पुरावा नसेल तर समान. हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

नोंदणी होऊन गेलेल्या फ्लॅटसाठीही वाट असते. नवरा राजी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राने तो बायकोला हिस्सा देऊ शकतो. राहत्या घरासाठी तिथे मुद्रांक अगदी कमी लागतो. फक्त कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यावी लागते आणि नंतर सोसायटीच्या दप्तरात नाव लावून घ्यावं लागतं. सोसायटीत नुसतं नामनिर्देशन करून भागत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळते, त्याने ती मालक होत नाही. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. वारस म्हणून बायकोला मिळणारा हा हिस्सा तिचा पक्का असतो, पण तो नवऱ्याच्या पश्चात. त्याच्या हयातीत 'मी वारस आहे' असं म्हणून ती काही मागू शकत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणारे अर्ज मॅडम मला परत लिहायला लावत.

मॅडम गेल्याला आता काही काळ झाला. त्यांची पुस्तकं त्यांच्या घरच्यांनी मला दिली, पण त्यांनी मला दिलेलं खरं शिक्षण त्या पुस्तकांत नाही. समोरच्या बाईला खोटी आशा न दाखवता तिच्या हाती जे आहे ते शेवटच्या पावतीपर्यंत शोधायचं, हे मी त्यांच्याकडे बसून शिकले. त्या एक काम विनाशुल्क करत असत: नोंदणीआधी कोणी जोडपं करारनाम्याचा मसुदा घेऊन आलं तर तो वाचून देणं. मीही तेवढं चालू ठेवलं आहे. मसुदा हातात आला की खरेदीदाराच्या जागेवर किती नावं आहेत हे आधी पाहते, हिस्सा लिहिला आहे का ते पाहते, आणि कर्जाच्या कागदावर बायकोची सही असून करारनाम्यात तिचं नाव नसेल तर दोघांनाही समोर बसवून त्याचा अर्थ सांगते. बहुतेक नवरे म्हणतात, "असं होय, मग घाला की तिचं नाव." इतक्या सहज मिळणारी गोष्ट पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात मागावी लागते, हे मॅडमनी मला वेळेवर दाखवलं. त्या ऋणाची फेड माझ्याकडून याच कामात जेवढी होईल तेवढी.